एका मिनिटाचा परिचय : पेढीवरून कंपनीत

दिंडोरी तालुक्यातील वणीच्या बाजारपेठेत व्यापारी घरातील तरुणाला स्वतःचा परिचय करून देण्याचा प्रसंग सहसा येत नाही. आडनाव उच्चारले की दुकान कळते, दुकान कळले की वडील कळतात, आणि वडील कळले की तीन पिढ्यांचा व्यवहार समोरच्याच्या ध्यानात येतो. समाजाच्या मेळाव्यात तर परिचयाचा क्रमच ठरलेला असतो : नाव, वडिलांचे नाव, मूळ गाव, गोत्र, मामाचे घर, पेढी. तेथे माणूस कुणाचा आहे हे कळले की परिचय पूर्ण होतो.

हाच तरुण किंवा ही तरुणी नाशिकच्या सातपूर वा अंबड औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कंपनीत रुजू होते, तेव्हा चित्र पालटते. पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी नव्या कर्मचाऱ्यांना एका दालनात बसवले जाते. मनुष्यबळ विभागाचे अधिकारी कंपनीची माहिती देतात, नियम सांगतात, आणि मग म्हणतात, "आता प्रत्येकाने एका मिनिटात आपला परिचय करून द्यावा." दालनातील कुणालाही वणीची पेढी ठाऊक नसते. बोलणारा कुणाचा आहे याहून तो कोणते काम करणार आणि त्याच्याबरोबर काम करणे कसे जमेल, हे तेथे जाणून घ्यायचे असते.

आता व्यापारी कुटुंबांतील अनेक मुले-मुली वाणिज्य शाखेची पदवी घेऊन नोकरीकडे वळत आहेत. घरी दुकान असूनही नोकरी करणाऱ्या या पिढीला परिचयाच्या वेळी एक खास अडचण जाणवते. घराविषयी किती सांगावे, हे तिला ठरवता येत नाही. जास्त सांगितले तर बढाई वाटते. मुळीच सांगितले नाही तर आयुष्यातील सर्वांत उपयुक्त अनुभवच झाकला जातो. हा तोल कसा साधता येतो, ते एका उदाहरणावरून पाहणे सोयीचे ठरेल.

पहिला मसुदा : घराणे बोलते, मुलगी नाही

समजा, वणीतील एका भुसार दुकानदाराची कन्या बी.कॉम. झाली. नाशिकच्या एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात तिने दोन वर्षे काम केले, आणि आता खाद्यपदार्थांवर प्रक्रिया करणाऱ्या एका कंपनीच्या लेखा विभागात तिची निवड झाली. पुरवठादारांची देयके तपासणे हे तिचे काम. रुजू होण्याच्या आदल्या रात्री आजोबा म्हणाले, "बेटा, आधी आपल्या घराण्याचे नाव सांग. लोक मान देतील." त्याप्रमाणे तिने लिहिलेला मसुदा असा होता :

"मी वणीच्या प्रतिष्ठित व्यापारी घराण्यातील आहे. आमची पेढी आजोबांनी सुरू केली. वडील भुसार मालाचे घाऊक व्यापारी आहेत. काकांचा बारदानाचा व्यवसाय आहे, ते अनेक कारखान्यांना माल पुरवतात. भावाचे कापड दुकान आहे, आई गृहिणी आहे. मला दहावीला ८८ टक्के व बारावीला ८२ टक्के गुण होते. बी.कॉम.ला प्रथम श्रेणी मिळाली. मला वाचन, संगीत आणि प्रवासाची आवड आहे. मी प्रामाणिक व मेहनती आहे आणि कंपनीच्या प्रगतीत योगदान देईन."

यात खोटे काहीच नाही. तरी ऐकणाऱ्याच्या हाती काय लागते ते पाहावे. मुलीच्या आधी घरातील पाच माणसे येऊन जातात. ती कोणत्या विभागात आली, हे शेवटपर्यंत कळत नाही. दोन वर्षांच्या नोकरीचा उल्लेखच नाही. टक्के नियुक्तीपूर्वीच तपासले गेलेले असतात, आणि आता त्यांच्यावर काही अवलंबून नसते. प्रामाणिक व मेहनती हे शब्द दालनातील प्रत्येकजण उच्चारणार असतो, त्यामुळे त्यांतून कुणाचीच ओळख पटत नाही. आवडींचेही तेच. वाचन म्हणजे काय वाचते, हे सांगितल्यावाचून तो शब्द रिकामा राहतो.

पुण्यात नोकरी करणाऱ्या आत्येभावाने दूरध्वनीवर हा मसुदा ऐकला आणि सांगितले, "घरचे सगळे काढून टाक. तेथे फक्त व्यावसायिक बोलायचे." त्यावर दुसरा मसुदा तयार झाला : बी.कॉम., दोन वर्षांचा अनुभव, टॅली, एक्सेल, जीएसटी, टीडीएस. हे ऐकताना मात्र कुणी अर्ज वाचून दाखवत आहे असे वाटते. पहिल्या मसुद्यात मुलगी कुटुंबाआड दडली होती, दुसऱ्यात ती प्रमाणपत्रांआड दडली.

ऐकणाऱ्याच्या मनात काय घडते

दोन्ही मसुदे का फसतात, हे समजण्यासाठी दालनात बसलेल्यांकडे पाहिले पाहिजे. वीस जण असतील, तर प्रत्येकी एक मिनिट धरूनही परिचयाला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ जातो. या वेळात सर्वजण सारख्या लक्षाने ऐकत नाहीत. १९७३ साली माल्कम ब्रेनर या संशोधकाने एक साधी गोष्ट दाखवून दिली. गोलाकार बसलेल्या माणसांनी पाळीपाळीने शब्द वाचले, तर आपली पाळी येण्याच्या लगेच आधी इतरांनी काय वाचले ते माणसाला फारसे आठवत नाही, कारण त्या क्षणी त्याचे मन स्वतःच्या पाळीत गुंतलेले असते. परिचयाच्या वेळीही तसेच होते. बोलणाऱ्याच्या शेजारी बसलेला, पुढची पाळी असलेला सहकारी मान डोलावतो. पण मनात तो स्वतःचेच वाक्य घोळवत असतो.

नावाची अडचण आणखी वेगळी आहे. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात लोकांना अनोळखी चेहरे दाखवून त्यांची आडनावे व व्यवसाय सांगितले गेले. एकच शब्द आडनाव म्हणून सांगितला तर तो विसरला जाई. तोच व्यवसाय म्हणून सांगितला तर अधिक लक्षात राही. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर 'हे श्री. सोनार' यापेक्षा 'हे सोनारकाम करतात' हे अधिक टिकते. सोनारकाम म्हटले की भट्टी, तराजू, दागिना असे काहीतरी डोळ्यांपुढे येते. नुसत्या आडनावाला असा आधार नसतो.

यावरून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. पहिली, नाव सुरुवातीला सावकाश सांगावे आणि शेवटी पुन्हा एकदा सांगावे, म्हणजे मधल्या वेळात ज्याचे लक्ष नव्हते त्यालाही ते मिळते. दुसरी, नावाला टांगण्यासाठी एक खुंटी द्यावी. ही खुंटी म्हणजे डोळ्यांपुढे उभा राहील असा एकच खासगी तपशील. तो कामाशी जोडलेला असेल तर उत्तम. पाच तपशील दिले तर एकही खुंटी उरत नाही.

अंमळनेरहून निघालेल्या कंपनीतील एक प्रयोग

खासगी तपशिलाने कामाच्या ठिकाणी खरोखर काही फरक पडतो का, असा प्रश्न व्यवहारी वाचकाला पडेल. त्याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न भारतातच झाला आहे. विप्रो ही कंपनी १९४५ साली आपल्याच खानदेशात, जळगाव जिल्ह्यातील अंमळनेर येथे वनस्पती तूप बनवण्यासाठी स्थापन झाली. पुढे ती माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात गेली. दूरध्वनी व संगणकावरून ग्राहकांना सेवा देणाऱ्या तिच्या शाखेत कर्मचारी फार लवकर नोकरी सोडून जात. तेथे तीन संशोधकांनी नव्या कर्मचाऱ्यांच्या पहिल्या दिवशी एक प्रयोग केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला.

नव्या कर्मचाऱ्यांचे गट पाडण्यात आले. एका गटाला नेहमीप्रमाणे कामाची व नियमांची माहिती दिली गेली. दुसऱ्या गटाला त्याखेरीज कंपनीचा लौकिक आणि मूल्ये समजावून सांगण्यात आली व कंपनीच्या नावाचा पोशाख देण्यात आला. तिसऱ्या गटाला मात्र स्वतःविषयी विचार करण्यास सांगितले गेले : आपण सर्वांत चांगले काम केव्हा करतो, आपल्यात वेगळे काय आहे. मग त्यांनी त्याच आधारे गटापुढे आपला परिचय करून दिला. त्यांच्या पोशाखावर त्यांचे स्वतःचे नाव होते. हा अधिकचा भाग साधारण तासाभराचा होता.

पुढच्या काही महिन्यांत नोकरी सोडण्याचे प्रमाण मोजले गेले. नेहमीच्या पद्धतीच्या गटात ते तिसऱ्या गटापेक्षा सुमारे ४७ टक्क्यांनी अधिक होते. कंपनीचा लौकिक ऐकलेल्या दुसऱ्या गटातही ते तिसऱ्यापेक्षा सुमारे २७ टक्क्यांनी अधिक होते. तिसऱ्या गटातील कर्मचाऱ्यांविषयी ग्राहकांचे समाधानही नेहमीच्या गटापेक्षा चांगले आढळले.

या आकड्यांना मर्यादा आहे. तो एका प्रकारच्या कामातील, एका कंपनीतील प्रयोग होता. त्यावरून प्रत्येक ठिकाणी असेच घडेल असे म्हणता येणार नाही. तथापि त्या गटाला नेमके काय विचारले गेले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. कुटुंबाची माहिती कुणी मागितली नव्हती, आणि छंदांची यादीही नाही. माणूस उत्तम काम करतो तेव्हा तो कसा असतो, हे विचारले होते. खासगी आणि व्यावसायिक हे दोन वेगळे कप्पे न राहता जेथे एकत्र येतात, तोच हा प्रश्न.

तिसरा मसुदा

वणीच्या मुलीने हाच प्रश्न स्वतःला विचारला. उत्तर दुकानातच होते. अकरावीपासून संध्याकाळचा रोजमेळ तिच्याकडे असे. गल्ल्यातील रोकड आणि वहीतील शिल्लक जुळेपर्यंत वडील फळी लावू देत नसत. तीच सवय पुढे कार्यालयात उपयोगी पडली. तेथे व्यापाऱ्यांच्या खरेदीच्या नोंदी जीएसटी संकेतस्थळावरील जीएसटीआर-२बी या विवरणाशी दरमहा जुळवाव्या लागत. पुरवठादाराने आपल्या विवरणात बिल दाखवले नसेल, तर खरेदीदाराला त्या बिलावरील भरलेल्या कराची वजावट मिळण्यात अडचण येते. असे न जुळणारे बिल शोधून पुरवठादाराला वेळेत कळवणे हे तिचे काम होते. रोजमेळ आणि २बी, दोन्हींत एकच गुण लागतो : फरक सापडेपर्यंत न उठणे.

मग परिचय असा झाला. नाव व आडनाव सावकाश सांगून ती म्हणाली :

"लेखा विभागात पुरवठादारांच्या देयकांचे काम पाहण्यासाठी मी रुजू झाले आहे. यापूर्वी दोन वर्षे नाशिकच्या एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात होते. तेथे खरेदीची बिले जीएसटीच्या विवरणाशी जुळवण्याचे काम मुख्यतः माझ्याकडे होते. हिशेबाशी ओळख मात्र त्याआधीची आहे. वणीला आमचे भुसार दुकान आहे आणि अकरावीपासून संध्याकाळचा रोजमेळ मी लिहीत असे. पाच रुपयांचा फरक सापडेपर्यंत आमचे दुकान बंद होत नसे. ती सवय अजून गेलेली नाही. येथील खरेदीची संगणक प्रणाली मला नवी आहे, ती पहिल्या महिन्यात शिकायची आहे. रविवारी मी वणीला असते आणि पहाटे सप्तशृंगीचा गड चढते. कुणाला यायचे असल्यास जरूर सांगा."

आणि शेवटी पुन्हा नाव. सावकाश बोलले तरी हे मिनिटभरात संपते.

क्रम पाहण्यासारखा आहे. आधी आजचे काम आले, कारण ऐकणाऱ्याला तेच प्रथम हवे असते. मग मागचा अनुभव आला, पण त्यातील एकच काम निवडून. त्यानंतर घर आले, तेही एका वाक्यात आणि कामाचे मूळ सांगण्यापुरते. पाच रुपयांचा फरक ही खुंटी झाली. शिकायचे काय आहे हे सांगितल्याने मदत करू इच्छिणाऱ्याला वाट मिळाली, आणि गडाच्या वाक्याने चहाच्या वेळी बोलणे सुरू करण्यासाठी निमित्त मिळाले.

परिचय जमला की नाही, याची खूण टाळ्यांत नसते, कारण टाळ्या सर्वांनाच मिळतात. ती चहाच्या सुट्टीत कळते. कुणी येऊन "जीएसटीआर-२बी तुम्ही एक्सेलमध्ये जुळवत होता का?" असे विचारले तर परिचय पोहोचला. "तुमचे दुकान केवढे आहे हो?" असा प्रश्न आला तर घर कामापेक्षा मोठे झाले. आणि कुणी काहीच विचारले नाही, तर बहुधा प्रमाणपत्रांची यादीच वाचली गेली.

काय सांगू नये, आणि काय लिहून द्यावे

पहिल्या मसुद्यातून काकांचा बारदान व्यवसाय वगळला, हा केवळ नम्रतेचा भाग नव्हता. ही मुलगी पुरवठादारांची देयके तपासणार आहे. काका कारखान्यांना बारदान पुरवतात. उद्या त्याच कंपनीला त्यांनी दर पाठवला, तर पुतणी ज्या टेबलावर बसते त्याच टेबलावर काकांचे बिल येईल. भर सभेत काकांचा उल्लेख केला, तर चहाच्या सुट्टीतच कुणी सहज म्हणेल, "मग बारदान तुमच्याकडूनच घेऊ की!" हे बोलणे आपुलकीचे असते, पण पुढे त्या बिलात काही चूक निघाली, तर तीच आपुलकी संशयाचे कारण होते.

मात्र सभेत न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. बहुतेक मोठ्या कंपन्यांमध्ये रुजू होताना आचारसंहितेचा कागद दिला जातो. नातेवाइकांचा कंपनीशी व्यवहार असल्यास किंवा होण्याचा संभव असल्यास तो त्यात जाहीर करायचा असतो. असा रकाना असेल तर तो कोरा ठेवू नये; कागदच नसेल तर विभागप्रमुखांना दोन ओळींचे पत्र द्यावे : काकांचे नाव, त्यांचा व्यवसाय, आणि त्यांच्या व्यवहाराचे बिल आल्यास ते दुसऱ्या सहकाऱ्याकडे द्यावे अशी विनंती. पोच घेऊन प्रत घरी जपून ठेवावी. पुढे कुणी विचारलेच, तर उत्तर सरळ असते, "ते नाते मी पहिल्याच आठवड्यात लिहून दिले आहे. काकांनी दर रीतसर द्यावा, त्यात माझा संबंध नाही." भरल्या बाजारात पत कमावलेल्या घराला या कागदाचे मोल समजावून सांगावे लागणार नाही.

आहाराचा प्रश्न जैन कुटुंबांत हमखास निघतो. सूर्यास्तापूर्वी जेवण, कंदमुळांचा त्याग या गोष्टी मिनिटभराच्या परिचयात घालण्याचे कारण नाही. तेथे त्या सांगितल्या की सभेचे लक्ष कामावरून ताटाकडे जाते. त्या योग्य माणसाला, योग्य वेळी सांगाव्यात. प्रशिक्षण निवासी असेल किंवा सायंकाळी उशिरापर्यंत चालणार असेल, तर व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना एक-दोन दिवस आधी साध्या शब्दांत कळवावे : कांदा, लसूण, बटाटा चालत नाही आणि सायंकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी लागते, शक्य नसल्यास डबा आणीन. सहकाऱ्यांनी विचारले तर एक वाक्य पुरते. त्यांच्या ताटावर भाष्य करू नये.

याच न्यायाने लग्न ठरले आहे की नाही, घर स्वतःचे आहे की भाड्याचे, आधीच्या ठिकाणी पगार किती होता, तेथील साहेब कसे होते, या गोष्टी सभेत सांगू नयेत. विशेषतः मुलींना विवाहाविषयी कुणी सहज विचारतो. "त्याविषयी पुढे केव्हातरी बोलू" असे हसून म्हणावे आणि आपल्या विभागाचे वाक्य पुढे सुरू ठेवावे.

तयारी

एक मिनिट म्हणजे साधारण शंभर ते सव्वाशे शब्द. सभा मराठीत, हिंदीत की इंग्रजीत होईल हे आधी विचारून घ्यावे आणि त्याच भाषेत तयारी करावी. मराठीत लिहून मनातल्या मनात इंग्रजी करत बोलल्यास मिनिटाचे दीड मिनिट होते आणि वाक्ये अडखळतात. मसुदा पाठ करू नये. पाठांतरात एक शब्द निसटला की पुढचे सारे निसटते. कागदावर पाच शब्द लिहावेत : विभाग, मागचे काम, रोजमेळ, शिकायचे, गड. घड्याळ लावून तीनदा मोठ्याने बोलावे. प्रत्येक वेळी शब्द थोडे बदलतील, ते बदलू द्यावेत.

ऐकणाराही योग्य निवडावा. आजोबांपुढे बोलून पाहिले तर ते घराण्याचे नाव वाढवायला सांगतील. त्याऐवजी ज्याला आपले दुकान ठाऊक नाही अशा कुणाला तरी ऐकवावे, आणि तासाभराने विचारावे, "माझे काय लक्षात राहिले?" उत्तरात नाव, विभाग आणि पाच रुपयांचा फरक आला, तर तयारी झाली.

या मुलीच्या आजोबांना तिसरा मसुदा ऐकून प्रथम रुखरुख वाटली. घराण्याचे नाव त्यात नव्हते, पेढी कुणी सुरू केली तेही नव्हते. मग थोडे थांबून ते म्हणाले, "रोजमेळ मात्र सांगितलास. तो लिहायला तुझ्या वडिलांना मीच शिकवले होते."